रात्रीची उतरली का? सकाळी गाडी काढण्याआधीचा हिशेब

प्रश्न: डॉक्टर, शनिवारी रात्री गंगापूर धरणाजवळ मित्राच्या फार्महाउसवर बसलो होतो. आठला सुरुवात केली, एकला थांबलो. एक स्ट्राँग बिअर आणि नंतर चार लार्ज व्हिस्की. जेवण नीट झालं होतं. चार तास झोपलो, गार पाण्याने अंघोळ केली, चहा-पोहे खाल्ले आणि सहाला गाडी घेऊन मुंबईला निघालो. एकदम फ्रेश होतो. सातच्या सुमारास नाक्यावर फुंकायला लावलं आणि मशीनवर ६८ आलं. सकाळपासून थेंबही घेतला नव्हता! मशीन खराब होतं का? पुढच्या वेळी किती तासांनी गाडी काढावी? अंगातली पूर्ण गेली हे ओळखायचं कसं? वय ४१, वजन ७५ किलो.

उत्तर:

मशीन ठीक होतं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून कागदावर हिशेब मांडला, तर सकाळी सात वाजता तुमच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण ७० मिलिग्रॅम अल्कोहोल असायला हवं. मशीनने ६८ दाखवलं. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे फ्रेश वाटत असताना तुम्ही मर्यादेच्या दुपटीहून जास्त घेऊन घाटाकडे निघाला होतात.

मी नाशिकच्या अंबड आणि सातपूर भागातल्या कारखान्यांत कामगारांच्या आरोग्याचं काम बघतो. पहिल्या पाळीच्या बसचालकांची आणि फोर्कलिफ्टवाल्यांची श्वासचाचणी आमच्याकडे गेटवर होते. सोमवारी सकाळी जो माणूस अडकतो तो बहुतेक वेळा तुम्ही लिहिलंय तेच वाक्य बोलतो, ‘सकाळपासून थेंब घेतला नाही’. तो खोटं बोलत नसतो. रात्रीची असते.

आता हिशेब. एकदा समजून घेतला की पुढच्या वेळी मला विचारायची गरज पडणार नाही.

पेग, ग्लास, बाटली ही मापं बाजूला ठेवा आणि ग्रॅममध्ये विचार करा. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये त्या हिशेबाने सुमारे १३ मिली शुद्ध अल्कोहोल येतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याचं वजन भरतं १० ग्रॅम. एक छोटा पेग म्हणजे १० ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लार्ज म्हणजे २० ग्रॅम. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली तर ४० ग्रॅम, म्हणजे ती एकटी बाटली चार छोट्या पेगांच्या बरोबरीची. ‘नुसती एक बिअर आणि मग चार पेग’ असं सांगताना माणूस बिअर जवळजवळ मोजतच नाही. तुमच्या हिशेबात बिअरचे ४० आणि व्हिस्कीचे ८० मिळून १२० ग्रॅम झाले. बारा छोटे पेग.

हे अल्कोहोल अंगातल्या पाण्यात पसरतं, चरबीत फारसं जात नाही. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९३२ साली यासाठी जो हिशेब मांडला तोच आजही न्यायवैद्यकात वापरतात. पुरुषाच्या वजनाला ०.६८ ने गुणायचं आणि ग्रॅमना त्या आकड्याने भागायचं. तुमचे ७५ किलो गुणिले ०.६८ म्हणजे ५१. १२० भागिले ५१ म्हणजे लिटरमागे २.३५ ग्रॅम, किंवा नाक्यावरच्या मशीनच्या भाषेत २३५. सगळी दारू एका क्षणात रक्तात गेली असती तर हा आकडा आला असता. तसं होत नाही, कारण पहिल्या घोटापासूनच यकृत ती काढायला लागलेलं असतं, तासाला सरासरी १५ या वेगाने. आठला सुरुवात केलीत, म्हणून सातपर्यंत अकरा तास झाले. अकरा गुणिले १५ म्हणजे १६५. २३५ मधून १६५ गेले, उरले ७०.

हाच हिशेब पुढे चालवा. तीसच्या खाली तुम्ही आला असाल पावणेदहाच्या आसपास, आणि शून्यावर पावणेबाराच्या आसपास. तेही सरासरी यकृत धरून. हा वेग माणसागणिक तासाला १० ते २० असा बदलतो. रोज पिणाऱ्याचा त्याहूनही जास्त असू शकतो, आणि यकृत खराब झालं की तो मंदावतो. तुमचा वेग १० असता तर अंग साफ व्हायला साडेतेवीस तास लागले असते. म्हणजे रविवारी संध्याकाळचे साडेसात.

तुमचा आकडा माझ्या हिशेबाशी जुळला म्हणून तुमचं यकृत सरासरी वेगाचं आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नका. फार्महाउसवर माप घेऊन पेग कोण भरतो? हातानेच ओततात, आणि अकरानंतर ओतणाऱ्याचा हातही सैल होतो. चार लार्ज म्हणून सांगितलेले प्रत्यक्षात पाच असू शकतात, आणि मग आकडा जुळायला यकृत बरंच वेगवान असावं लागेल. यातलं काय खरं, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून अशा बैठकीनंतर ग्लास आठवत बसण्यापेक्षा रिकाम्या बाटल्या मोजाव्यात. एक खंबा ७५० मिलीचा, म्हणजे पंचवीस छोटे पेग. तिघांत दोन खंबे संपले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा-सतरा आले. कोण किती म्हणाला याला मग अर्थ उरत नाही.

यकृताचा वेग वाढवता येत नाही, आणि लोकांचे सगळे तोडगे इथेच फसतात. दारू पचवणारं मुख्य एन्झाइम थोड्याशा अल्कोहोलनेच पूर्ण कामाला लागतं. त्यानंतर रक्तात कितीही असलं तरी काढण्याचा वेग तोच राहतो. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असेल, तर मागे दहा गाड्या असोत की शंभर, मिनिटाला सुटणाऱ्या गाड्या तेवढ्याच, तसं हे आहे. नव्वद टक्क्यांहून जास्त अल्कोहोल याच खिडकीतून जातं. श्वास, घाम आणि लघवीतून मिळून जाणारं अगदी थोडं. म्हणून दहा वेळा लघवीला जाऊन आलात, जॉगिंग ट्रॅकवर पळून घाम काढलात तरी फरक नगण्य. गार पाण्याच्या अंघोळीने झोप उडते, कॉफीनेही उडते, पण जागा झालेला माणूस तेवढाच प्यायलेला असतो. लिंबू-पाणी, ताक, ओआरएस यांनी पाणी कमी झाल्यामुळे होणारी डोकेदुखी हलकी होते आणि ती घ्यावीतच, पण आकड्यावर त्यांचा परिणाम नाही. पहाटे उलटी झाली की लोकांना सुटल्यासारखं वाटतं. शेवटचा पेग होऊन दोन तास गेले असतील तर पोटात अल्कोहोल फारसं उरलेलंच नसतं, ते रक्तात गेलेलं असतं.

जेवणाचं तुम्ही लिहिलंय. पिण्याआधी किंवा पिताना नीट जेवण झालं तर दारू हळू चढते आणि वरचा आकडा कमी राहतो, हे खरं. त्याचा फायदा रात्री होतो. सकाळच्या पोह्यांचा नाही. आणि झोपेचं म्हणाल तर झोपेत यकृत काही जादा काम करत नाही. तुमच्या चार तासांच्या झोपेत साठ गेले. जागे राहिला असतात तरी साठच गेले असते.

आता तुमच्या ‘एकदम फ्रेश होतो’कडे येतो, कारण खरी गोम त्यात आहे.

एडवर्ड मेलनबी नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९१९ साली कुत्र्यांवर प्रयोग करताना एक गोष्ट टिपली. रक्तातलं प्रमाण वर चढत असताना एका ठराविक आकड्याला जेवढी नशा दिसते, तेवढी तोच आकडा खाली उतरताना दिसत नाही. माणसांतही हे दिसून आलं. मेंदू काही तासांत त्या पातळीला सरावतो, आणि आपली स्थिती तो कालच्या शिखराशी ताडून बघतो. रात्री एक वाजता तुम्ही १६० च्या घरात होतात. त्याच्यापुढे सकाळचे ८५ म्हणजे मेंदूला अगदी कोरडं ठणठणीत. तेच ८५ संध्याकाळी चढताना आले असते, तर तुम्ही स्वतःच मित्राला चावी देऊन ‘तू चालव’ म्हणाला असतात.

गडबड अशी की हा सराव सगळ्या कामांना सारखा लागू होत नाही. आपल्याला किती चढलीय ही भावना झपाट्याने ओसरते. बोलणं आणि चालणंही सावरतं. चुका टाळण्याची आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची क्षमता तेवढ्या लवकर परत येत नाही. गाडी चालवण्यात नेमकी तीच लागते. सरळ हायवेवर हे जाणवतही नाही. कसारा घाट उतरताना पुढे ब्रेकवर असलेला कंटेनर, आरशात मागून येणारी बस, पावसाळ्यात समोर धुकं आणि मध्येच लेन बदलणारा एखादा टेम्पो, हे सगळं एका वेळी सांभाळायचं असतं. तिथे अर्ध्या सेकंदाची दिरंगाई पुरते. ताशी ६० च्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढे जाते.

त्यात स्वतःवरचा विश्वास परतलेला असतो. रात्री प्यायलेला माणूस निदान जपून चालवण्याचा प्रयत्न तरी करतो. सकाळचा माणूस नेहमीच्या वेगाने जातो.

म्हणून अंगातली गेली हे ओळखण्याची कुठलीही शारीरिक खूण मी कोणाला सांगत नाही. सरळ रेषेत चालून बघणं, एका पायावर उभं राहणं, हात पुढे धरून थरथर बघणं, या खुणा ७० ला साफ चुकतात, विशेषतः सवयीच्या माणसात. तोंडाचा वासही भरवशाचा नाही. रमचा वास आकडा उतरल्यावरही रेंगाळतो, व्होडकाचा असतानाही लक्षात येत नाही. वेलची, पान, बडीशेप यांनी वास झाकला जातो, पण मशीन वास मोजत नाही. डोकं दुखत नाही म्हणजे उतरली, हा समज तर उलटाच आहे. हँगओव्हरचा जोर सहसा आकडा शून्याजवळ आला की असतो. सकाळी सहाला डोकं दुखत नसेल, मजेत असाल, तर त्याचा एक अर्थ असाही निघतो की अजून चढलेलीच आहे.

मग राहतात मोजणी आणि घड्याळ. मी लोकांना एक सोपं माप देतो: एका छोट्या पेगला दोन तास, पहिल्या घोटापासून मोजायचे. तुमच्या वजनाच्या पुरुषाला सरासरीने सव्वा ते दीड तास पुरतात, पण आपलं यकृत सरासरीचं आहे की मंद हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून दोन. बारा पेगांचे चोवीस तास. शनिवारी रात्री आठला बसलात तर रविवारी रात्री आठपर्यंत गाडीची चावी दुसऱ्याकडे. लोकांना हे अति वाटतं. वर दहाच्या वेगाने काढलेला हिशेब पुन्हा बघा, साडेतेवीस तास आले होते.

‘प्यायल्यानंतर आठ तास झोप झाली की गाडी चालवायला हरकत नाही’ हे वाक्य नाशिकमध्ये मी सुशिक्षित घरांतही ऐकतो. दोन पेगांना ते लागू पडतं. बारा पेगांना नाही, कारण आठ हा आकडा किती प्यायलं याचा विचारच करत नाही.

वाइनबद्दल इथे वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे वीकएंडला वायनरीत जाणं हा आता घरगुती कार्यक्रम झालाय आणि वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं मानणारे बरेच आहेत. १३ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल असतं, जवळजवळ आठ छोटे पेग. नवरा-बायकोने दुपारी एक बाटली अर्धी-अर्धी केली तर प्रत्येकी चार पेग झाले. बाईंसाठी गणित आणखी कडक आहे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे वजनाला ०.६८ ऐवजी ०.५५ ने गुणतात. ५५ किलोच्या बाईंना त्या अर्ध्या बाटलीने १२७ पर्यंतचा हिशेब लागतो. ७५ किलोच्या नवऱ्याला तेवढीच वाइन घेऊन ७५ लागतो. ‘मी जास्त घेतलीय, तू चालव’ असं म्हणताना दोघांनी सारखीच घेतली असेल तर गाडी चुकीच्या हातात जाते. खरं तर ती दोघांच्याही हातात नको. लहान चणीच्या बाईंनी छोट्या पेगला तीन ते साडेतीन तास धरावेत.

तुमच्या प्रश्नाचं उलटं गणितही करून ठेवा, कारण रोजच्या आयुष्यात तेच जास्त उपयोगी पडतं. सकाळी सहाला निघायचंय आणि रात्री आठला बसणार आहात, तर हातात दहा तास आहेत. दोन तासांना एक या मापाने पाच छोटे पेग ही तुमची रात्रीची कमाल मर्यादा, आणि त्यात बिअर मोजलेली. स्ट्राँग बिअरची एक बाटली उघडलीत तर व्हिस्कीचा एक छोटा पेग उरतो. हे जमणार नसेल तर सहाची गाडी रद्द करून नाशिक रोडवरून पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट आदल्या दिवशीच काढा. बैठकीत बसल्यावर हा निर्णय घेता येत नाही.

आता मशीनबद्दल. ऑनलाइन हजार-पंधराशेत श्वासाची मशीन मिळतात आणि बरेच जण गाडीत ठेवतात. ती घ्यायचीच असेल तर फ्युएल सेल सेन्सरचं घ्या. स्वस्त मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो सिगारेटच्या धुरालाही प्रतिसाद देतो, काही महिन्यांत त्याचं माप सरकतं, आणि सरकलं हे तुम्हाला कळत नाही. आमची गेटवरची मशीन ठराविक काळाने कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासून जुळवून घ्यायला जातात. घरच्या मशीनचं कॅलिब्रेशन केलेला माणूस मला अजून भेटायचाय.

पडद्यावर एकक कोणतं आहे ते आधी बघा. पोलिसांच्या मशीनवर `mg/100ml` असतं आणि मर्यादा ३० येते. घरच्या मशीनवर बहुधा `%BAC` असतं, तिथे तीच मर्यादा `0.030` दिसते. काहींवर `mg/L` असतं, तो रक्ताचा नव्हे, श्वासाचा आकडा आहे, आणि तिथे मर्यादा `0.15` च्या आसपास येते. ज्याने कुठेतरी `0.15` चालतं असं वाचलंय आणि ज्याचं मशीन `%BAC` दाखवतं, तो मर्यादेच्या पाचपट असताना निर्धास्त असेल.

फुंकण्याआधी वीस मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, माउथवॉश नाही, ढेकर-उलटी झाली असेल तर पुन्हा वीस मिनिटं थांबायचं, कारण तोंडात राहिलेलं अल्कोहोल थेट मशीनमध्ये जातं. आमच्याकडे कोणी पॉझिटिव्ह आला तर साध्या पाण्याने चूळ भरायला लावतो, वीस मिनिटं बाकावर बसवतो आणि पुन्हा घेतो. माउथवॉशचा आकडा तोवर गायब झालेला असतो. रात्रीचा आकडा चार-पाचने उतरलेला असतो, बस्स. त्या दोन आकड्यांतल्या फरकावरूनच कळतं की समोरच्याची गोष्ट कोणती आहे.

घरी मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे उठल्याबरोबर एक आकडा घेणं. समजा उठल्यावर `0.080` आलं. म्हणजे ८०. मंद यकृत धरून दहाने भागा, आठ तास. त्याआधी गाडी काढायची नाही. आठ तासांनी पुन्हा फुंका, शून्य यायला हवं. पेगांची मोजणी काही म्हणते आणि मशीन काही वेगळंच म्हणत असेल, तर दोहोंपैकी जो वेळ जास्त येतो तो धरा. आणि `0.025` आलंय, मर्यादेच्या आत आहे म्हणून निघू, हे नको. ३० ही दंडाची मर्यादा आहे. त्याच्या खालीही लक्ष आणि प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात, शिवाय घरच्या मशीनची चूकच पाच-दहाची असू शकते.

शून्य आल्यावरही काम संपत नाही, हे लोकांना सगळ्यात जास्त खटकतं. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठात हँगओव्हर असलेल्या, पण रक्तात अल्कोहोल न उरलेल्या माणसांना सिम्युलेटरवर हायवेची गाडी चालवायला दिली. त्यांची गाडी लेनमध्ये जास्त हेलकावे घेत होती आणि लक्ष वारंवार सुटत होतं. कारणही समजण्यासारखं आहे. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री ती तुटक होते, त्यामुळे सहा तास पडून राहिलेला माणूस सहा तास झोपलेला नसतो. म्हणून भरपूर प्यायल्यानंतर शून्य आल्यावर एक जेवण, पुरेसं पाणी आणि शक्य असल्यास दोन तासांची दुपारची झोप, आणि मग मुंबईसारखा लांबचा पल्ला. गावातल्या गावात जायचं असेल तर रिक्षा आहेच.

विमानाच्या वैमानिकांसाठी आपल्याकडे दोन्ही अटी एकदम आहेत: उड्डाणाआधी किमान बारा तास दारू नाही, आणि श्वासचाचणीत शून्य. बारा तास झाले म्हणून चाचणी माफ होत नाही. आमच्या बसचालकांना मी हेच उदाहरण देतो, त्यांना ते पटतं. ओझर विमानतळावरून उडणाऱ्या वैमानिकाला जो नियम, तोच पन्नास कामगार घेऊन अंबडला येणाऱ्याला का नको?

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये वेळेचा उल्लेख नाही. रात्री प्यायलो की सकाळी, याने फरक पडत नाही, गाडी चालवताना रक्तात किती हे बघतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा नाकारला जातो, हे अनेकांना दावा भरतानाच कळतं.

मशीनवर विश्वास नसेल तर रक्ततपासणीचा मार्ग असतो. मी सुरुवातीची वर्षं सरकारी रुग्णालयात होतो तेव्हा असे नमुने घेतले आहेत. कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, नाहीतर त्याचंच अल्कोहोल नमुन्यात जाईल. नमुना सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट घातलेल्या कुपीत घ्यायचा: ऑक्झलेटने रक्त गोठत नाही, फ्लोराइडने आंबत नाही. मग सील करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. तुमचा प्रश्न मशीनच्या खरेखोटेपणाचा होता म्हणून सांगतो, आकडा हिशेबाशी इतका जुळत असताना रक्ततपासणीने तुमची सुटका झाली नसती. सात वाजता ६८, तासाभराने नमुना घेतला असता तर पन्नाशी-साठीच्या दरम्यान आला असता.

शेवटचं, तुमचं वय ४१ आहे म्हणून. मधुमेहाची औषधं चालू आहेत का? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने रात्री भरपूर दारू घेतली की सकाळी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, कारण यकृत दारू काढण्यात गुंतलेलं असताना नवी साखर तयार करत नाही. घाम, थरथर, गोंधळ, अडखळणारं बोलणं, सगळं चढल्यासारखंच दिसतं, आणि मशीनवर शून्य आलेलं असू शकतं. असं असेल तर गाडीत बसण्याआधी ग्लुकोमीटरवर बोट टोचून साखर बघा. ७० च्या खाली असेल तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि रात्रीच्या बैठकीला गोळीचा डोस काय करायचा हे तुमच्या डॉक्टरांना एकदा सरळ विचारून घ्या. पिता हे त्यांच्यापासून लपवलंत तर ते बरोबर सांगू शकणार नाहीत.